आठवा बाराव्यात, बारावा आठव्यात

ताई, नमस्कार. जन्म २१ डिसेंबर १९९१, सकाळी ९ वाजून ४० मिनिटं, इचलकरंजी. नवऱ्याचा भागीदारीत यंत्रमागाचा धंदा होता. २०१९ च्या दिवाळीपासून तो खालावला आणि लॉकडाऊनमध्ये बसलाच. त्या कर्जाला मी जामीन आहे. २०२० च्या शेवटी मी एका कर सल्लागारांकडे नोकरी धरली. २०२१ पासून आम्ही नवरा-बायको वेगळे राहतो. २०२३ च्या मे महिन्यात माझे साहेब अचानक गेले, ऑफिस बंद झालं. वाटलं, आता संपलं. पण त्यांच्या पार्ट्या एकेक करून माझ्याकडे आल्या. आज पंचाऐंशी जणांचे रिटर्न मी भरते. २०२४ मध्ये बँकेची नोटीस आली, ती तशीच पडून आहे. एका ज्योतिषांनी 'दैन्य योग' सांगितला. दुसरे म्हणाले, 'विपरीत राजयोग आहे, पाच रतीचं माणिक घाला, राणीसारख्या राहाल.' खरं काय? आणि साहेबांच्या मरणावर माझं बरं झालं, हे मनातून जात नाही.
— एक वाचक, इचलकरंजी

दोघेही ज्योतिषी तुमच्या पत्रिकेतल्या एकाच जागेवर बोट ठेवताहेत, आणि गंमत अशी की दोघांनाही ग्रंथाचा आधार आहे. तुमचं मकर लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेली रास मकर; तेच पत्रिकेतलं पहिलं घर. मकरेपासून आठवी रास सिंह, तिचा स्वामी रवि. बारावी रास धनु, तिचा स्वामी गुरू. तुमचा रवि बसलाय धनूत आणि गुरू बसलाय सिंहेत. आठव्याचा मालक बाराव्या घरी आणि बाराव्याचा मालक आठव्या घरी, असं हे परिवर्तन आहे. (गुरू सिंहेत म्हणजे सिंहस्थ, नाशिकला कुंभ भरतो त्या वर्षातला तुमचा जन्म.)

मंत्रेश्वराच्या 'फलदीपिके'त अशा परिवर्तनांचे ६६ प्रकार मोजले आहेत. सहाव्या, आठव्या किंवा बाराव्या घराचा स्वामी ज्यात गुंतला असेल ते सगळे 'दैन्य', आणि ते भरतात ३०. या तिसांत आठव्या-बाराव्याची आपसातली अदलाबदलही येते. पहिल्या ज्योतिषांनी एवढंच पाहिलं. 'उत्तरकालामृत' मात्र म्हणतं, की या तीन घरांचे स्वामी एकमेकांच्याच घरांत गेले, एकमेकांशी बांधले गेले आणि बाहेरच्या कुणाचा त्यांना स्पर्श नसला, तर माणूस राजाधिराज होतो. दुसऱ्या ज्योतिषांनी हे वाचलं, पण बहुधा शेवटची अट गाळून. तुमचं सगळं उत्तर त्या अटीत आहे.

माझं मत विचाराल तर दैन्य हे नाव इथे बसत नाही. वाईट घराचा मालक चांगल्या घरात शिरतो आणि चांगल्याचा मालक वाईटात अडकतो, तेव्हा दैन्य. चांगल्या घराला गळती लागते. तुमच्याकडे दोन्ही घरं पडकीच आहेत. पडक्या घरांनी एकमेकांशी अदलाबदल केली, तर गावातल्या कुठल्या धड घराचं काय बिघडलं?

पण पुढे जाण्याआधी जन्मवेळ. त्या दिवशी इचलकरंजीत सूर्य सातच्या सुमारास उगवला, तेव्हा धनु लग्न होतं. पावणेनऊच्या सुमारास मकर लागलं आणि दोन तासांच्या आत-बाहेर टिकलं. म्हणजे तुमची ९.४० ची वेळ वीस-पंचवीस मिनिटं इकडेतिकडे झाली तरी काही ढळत नाही. पण तासाभराहून जास्त चूक असेल आणि लग्न धनु ठरलं, तर तोच रवि भाग्येश, म्हणजे नवव्या घराचा मालक, होऊन लग्नी येतो आणि तोच गुरू लग्नेश होऊन भाग्यात बसतो. लग्न-भाग्याचं परिवर्तन हा सरळसरळ राजयोग आहे, त्यात विपरीत काही नाही. आकाश तेच, ग्रह तेच, एका तासात गोष्ट उलटी. म्हणून वेळ कुणी सांगितली ते बघा. दवाखान्याच्या कागदावर असेल तर उत्तम. आजीच्या आठवणीतली असेल, तर त्या सकाळी घरात काय चाललं होतं ते विचारा. माग सुरू झाले होते का, मुलं शाळेत गेली होती का, हे घरच्यांना मिनिटांपेक्षा जास्त लक्षात राहतं. तुमचं आयुष्य मात्र मकर लग्नालाच दुजोरा देतंय. कसा, ते पुढे येईल.

आता मुळातली गोष्ट. नुकसान करणाऱ्या घरांचे मालक लाभ का देतील?

सहावं घर ऋण, रोग आणि शत्रूचं. आठवं मृत्यूचं, अचानक कोसळण्याचं. पण वारशाचं आणि दुसऱ्याकडून हाती येणाऱ्या पैशाचंही तेच. बारावं व्ययाचं, हातातून सुटून जाण्याचं. या तिघांमध्ये एक नातं आहे, जे एकदा दिसलं की विसरत नाही. कुठल्याही घरापासून बारावं घर म्हणजे त्या घराची गळती. सहावं घर हे सातव्यापासून बारावं, म्हणजे जोडीदाराची गळती. आठवं हे नवव्यापासून बारावं, म्हणजे भाग्याची गळती. बारावं ही तर खुद्द लग्नाचीच, आपल्या देहाची गळती. ही तीन घरं म्हणजे जोडीदार, भाग्य आणि आपण स्वतः, या तिघांच्या तळाला पडलेली भोकं.

अशा घराचा मालक बलवान होऊन चांगल्या घरात बसला, तर आपलं काम तिथे चोख करतो. अष्टमेश पाचव्यात गेला तर शिक्षणात मोडता, दहाव्यात गेला तर कामात. तो स्वतःच दुसऱ्या गळतीच्या घरात जाऊन पडला, तर त्याची नासधूस करण्याची ताकदच वाहून जाते. भाग्याची गळती करणाऱ्याचा व्यय झाला. काट्याने काटा काढतात, तसंच. शास्त्राची कल्पना एवढीच आहे, आणि ती समजली की 'विपरीत' या शब्दाचा धाकही उरत नाही. ग्रह उलटे वागत नाहीत. आपल्या स्वभावाप्रमाणेच वागतात, पण एकमेकांवर.

यातून लाभ कसा येतो, हे मात्र पत्रिकेत वेगळं शोधावं लागतं, कारण नाश थांबणं आणि काही मिळणं या दोन गोष्टी आहेत. आठव्या-बाराव्याच्या योगात मिळकत बहुतेकदा कुणाच्यातरी रिकाम्या झालेल्या जागेतून येते. कुणी गेलं, कुणी गाव सोडलं, कुणी धंदा बंद केला, आणि त्या जागेवर जायला तुम्हीच उरलात. चालत्या गाडीतून मिळणारा हा लाभ नव्हे. म्हणूनच या योगाची माणसं यश सांगताना थोडी खाली बघून सांगतात. तुमच्या पत्रातही ते आहे.

'फलदीपिके'त याच योगांची तीन सुटी नावं आहेत. षष्ठेशामुळे होतो तो हर्ष, अष्टमेशामुळे सरल, व्ययेशामुळे विमल. तुमच्याकडे सरल आणि विमल आहेत; हर्ष नाही, कारण तुमचा षष्ठेश बुध अकराव्यात वृश्चिकेत आहे. त्यांची फळं वाचा आणि राणी कुठे दिसते ते बघा. सरल योगाचा माणूस दीर्घायुषी, निश्चयाचा, न घाबरणारा, शत्रूंना पुरून उरणारा. विमल योगाचा माणूस खर्चाला आवरता, साठवणारा, स्वतंत्र, आपल्या पायावर उभा आणि चांगल्या कामाने ओळखला जाणारा. पंचाऐंशी पार्ट्यांचे रिटर्न भरणाऱ्या बाईचं याहून बरं वर्णन मला तरी करता येणार नाही. सिंहासन 'उत्तरकालामृता'तलं आहे, आणि ते सगळ्या अटी पुऱ्या होतील तेव्हाचं.

त्या अटी एकेक करून तुमच्या पत्रिकेवर ठेवू.

दोघे एकमेकांच्या घरात हवेत, आहेत. एकमेकांना बघत असतील तर अधिक चांगलं. सिंहेतल्या गुरूची पाचवी दृष्टी धनूवर पडते, म्हणजे तुमचा गुरू रविला बघतो, आणि बघतो तेही त्याच्या स्वतःच्या राशीत बसलेल्याला. ही बाजू फार सुंदर आहे.

दुसरी अट अशी, की ज्या घरांचे ते मालक, त्यांखेरीज दुसरं चांगलं घर त्यांच्या मालकीचं असू नये. ही ग्रंथातली ओळ नाही, अनुभवाची आहे. पण मला विचाराल तर सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. रवि आणि चंद्र सोडले तर प्रत्येक ग्रहाच्या दोन राशी. मेष लग्न घ्या. व्ययेश गुरू आठव्यात गेला की लोक टाळी वाजवतात, विमल योग! पण मेषेला तोच गुरू भाग्येशही आहे. बाराव्याबरोबर नववंही खड्ड्यात गेलं. अशा एका मुलाला त्याच्या गुरू महादशेत सोन्याचे दिवस सांगितले होते. त्याचे वडील गेले आणि शिक्षण अर्ध्यावर सुटलं. वृषभेला षष्ठेश शुक्र, तूळेला अष्टमेश शुक्र आणि कुंभेला व्ययेश शनि, हे तर लग्नेशच. ते त्रिकात, म्हणजे सहा-आठ-बाराच्या घरांत गेले, तर माणूस स्वतःच दुबळा होतो. मिथुनेचा अष्टमेश शनि भाग्येश, मिथुनेचा व्ययेश शुक्र पंचमेश. त्यांच्याकडून विपरीत राजयोगाची भाषा करणं मला पटत नाही. चोख म्हणावेत असे स्वामी थोड्याच लग्नांना मिळतात. कन्येला व्ययेश रवि, आणि अष्टमेश मंगळ, ज्याचं दुसरं घर तिसरं. मीनेला षष्ठेश रवि आणि अष्टमेश शुक्र, तोही तिसऱ्याचाच. आणि मकरेला अष्टमेश रवि नि व्ययेश गुरू; गुरूचं दुसरं घर तिसरं. तिसरं घर स्वतःच्या हिमतीचं आणि खटपटीचं, ते थोडं खाली गेलं तरी माणूस तग धरतो. या बाबतीत तुमच्या लग्नाला तोड नाही. शिवाय रवि-चंद्रांना आठव्याच्या मालकीचा दोष लागत नाही असं लघुपाराशरी सांगते, म्हणजे तुमचा अष्टमेश मुळातच सौम्य.

तिसरी अट लग्नेशाची. शत्रू आपसात लढून मेले तरी तेवढा वेळ आपण जिवंत राहिलो पाहिजे. तुमचा लग्नेश शनि लग्नातच, स्वतःच्या मकरेत आहे. नवरा कर्जात, घर मोडलं, साहेब गेले आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी उठून रिटर्न भरलेत. हा शनि आहे.

आणि आता ती गाळलेली अट, की बाहेरच्या कुणाचा स्पर्श नको. गुरूला सिंहेत कुणी चिकटलेलं नाही. शनि किंवा मंगळ यांची दृष्टीही तिकडे जात नाही. गुरू स्वच्छ आहे. रवि नाही. धनूत त्याच्याबरोबर राहू आहे, पण रवि पाचव्या अंशावर आणि राहू सतराव्याच्या आसपास, बारा अंश दूर. राहूला स्वतःचं घर नाही, त्यामुळे तो कुठल्या चांगल्या घराला या भानगडीत ओढत नाही. मी त्याला फार धरत नाही. काही जण धरतात. खरा स्पर्श चंद्राचा आहे. तुमचा जन्म मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमाराचा, म्हणजे चंद्र रविच्या बरोबर समोर, मिथुनेत, सहाव्या घरात. तिथून त्याची पूर्ण सातवी दृष्टी रविवर पडते. आणि मकर लग्नाला चंद्र कोण? सातव्याचा मालक. जोडीदार.

जोडीदाराचा स्वामी ऋणाच्या घरात केतूसोबत बसलाय, अकराव्यातल्या मंगळाची आठवी दृष्टी खातोय आणि तिथून तुमच्या राजयोगाकडे एकटक बघतोय. मकर लग्नाला आयुष्य दुजोरा देतंय म्हटलं ते यासाठी. योग आहे, बळकट आहे, पण त्याच्या पंक्तीला नवऱ्याचं कर्ज जेवायला बसलंय. त्यामुळे राजाधिराज बाद. चांगली, कष्टाची, वाढती मिळकत आणि तिच्यातला एक वाटा मागणारा कुणीतरी, असं याचं भाषांतर.

दशा बघा, म्हणजे हे कागदावरचं राहणार नाही. चंद्र मृगात असल्याने तुमची सुरुवात मंगळाच्या महादशेने झाली, ती १९९४ मध्ये संपली. मग राहूची अठरा वर्षं. २०१२ च्या शरदात गुरूची सोळा वर्षं सुरू झाली, ती २०२८ च्या पावसाळ्यानंतर संपतील. (चंद्राचा एक अंश चुकला तरी सहा महिने सरकतात, त्यामुळे मी महिने मोजून सांगत नाही.) गुरू महादशेत २०१९ च्या पावसाळ्यापासून वर्षभर केतूचं अंतर, म्हणजे महादशेच्या आतली छोटी दशा, होतं. केतू सहाव्यात, चंद्राच्या शेजारी. धंदा बसला तो त्याच काळात. २०२० च्या उत्तरार्धात शुक्राचं अंतर लागलं, ते २०२३ च्या वसंतापर्यंत चाललं. शुक्र हा मकरेचा सगळ्यात मोठा मित्र, पाचव्या आणि दहाव्याचा मालक, आणि तुमच्याकडे तो दहाव्यातच, स्वतःच्या तूळेत आहे. याच काळात तुम्ही नोकरी धरलीत आणि काम शिकलात. त्यानंतर नऊ-दहा महिने रविचं अंतर. गुरूत रवि, म्हणजे परिवर्तनातले दोघेही एकदम जागे. मे २०२३ त्यात येतो. योगातल्या ग्रहांच्या दशा-अंतर्दशा जुळल्याशिवाय हा योग फळत नाही, आणि फळतो तेव्हा आधी काहीतरी तुटल्याचा आवाज येतो.

इथे एक गोष्ट सहज निसटते. रविच्या अंतराने जागा रिकामी केली, पण ती भरली शुक्राने शिकवलेल्या कामाने. दहाव्यात काही नसतं, तर पार्ट्या दुसऱ्या कुणाकडे गेल्या असत्या. विपरीत राजयोग म्हणजे कुणीतरी मरेल आणि इस्टेट मिळेल असं समजून चुलत्याच्या तब्येतीकडे डोळे लावून बसलेले लोक मी पाहिले आहेत. योग त्यांच्याही पत्रिकेत होता. खुर्ची रिकामी झाली तेव्हा त्यांना त्या खुर्चीतलं काम येत नव्हतं.

रविनंतर चंद्राचं अंतर, २०२४ च्या सुरुवातीपासून साधारण सव्वा वर्ष. बँकेची नोटीस तेव्हाची आहे. हा योग अस्पर्श असता, तर ती तुमच्या नावावर आली नसती.

तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल. साहेब त्यांच्या पत्रिकेने गेले, त्यांच्या वयाने, त्यांच्या आजाराने. तुमच्या पत्रिकेतला अष्टमेश त्यांना घेऊन गेला, असं ज्योतिष कुठेही म्हणत नाही. पत्रिका ज्याची त्याची असते. तुमच्या पत्रिकेत दिसतं ते इतकंच, की कुणाचीतरी जागा रिकामी होण्याच्या काळात तुम्ही उभ्या होतात. त्यांच्या पार्ट्यांना वर्षाअखेर आणि दर महिन्याची वीस तारीख चुकवून चालणार नव्हतं. ऑफिस बंद झालं म्हणून जीएसटीचा दंड थांबत नाही. तुम्ही नसतात तर त्यांची दुसऱ्याकडे धावाधाव झाली असती, साहेबांच्या नावाने चार शब्दही निघाले असते. अजून मनाला लागत असेल, तर त्यांच्या घरच्यांना जाऊन विचारा, की जुन्या पार्ट्यांकडून त्यांचं काही येणं राहिलंय का. वहीत ते तुम्हालाच सापडेल, दुसऱ्या कुणाला नाही.

आता या योगाबद्दलचा एक हिशोब सांगते, म्हणजे पुढे कुणी 'दुर्मीळ योग' म्हणालं तर हसू येईल. सहाव्या, आठव्या आणि बाराव्याचा स्वामी, प्रत्येकाला बसायला बारा घरं. त्यांतली तीन त्रिकाची. प्रत्येक स्वामी त्रिकात पडण्याची शक्यता चारात एक. तिघांपैकी एकतरी पडावा, याचा ढोबळ हिशोब केला तर शंभरातल्या अठ्ठावन्न पत्रिकांत कुठला ना कुठला विपरीत राजयोग निघतो. स्वतःच्या घरात बसलेला मोजायचा नाही, दुसऱ्याच्या त्रिकातलाच धरायचा, असं ठरवलं तरी बेचाळीस उरतात. निम्म्या महाराष्ट्राला राजे म्हणायचं असेल तर म्हणावं! दोघांचं पुरतं परिवर्तन मात्र तसं नाही. ते शंभरात जेमतेम दोन पत्रिकांत येतं. तुमचं त्यातलं आहे. दुर्मीळ आहे ते हे, आणि तेही चंद्राच्या नजरेखाली.

बँकेकडे वळू, कारण ते ग्रहांपेक्षा घाईचं आहे. जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते; १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं १२८ वं कलम तसं सांगतं. वेगळं राहिल्याने किंवा घटस्फोटाने ती आपोआप सुटत नाही. धंदा भागीदारीतला होता, तेव्हा दुसऱ्या भागीदाराची जबाबदारीही आहे. बँक सोपं माणूस आधी पकडते आणि सध्या कमावणारं सोपं माणूस तुम्ही आहात. नोटीस पाकिटातून काढा, तिच्यावरची तारीख आणि उत्तराची मुदत बघा, मुदत उलटली असली तरी वकिलामार्फत उत्तर द्या. तारण काय आहे, माग विकले गेले का, ते पैसे कर्जात जमा झाले का, हे लेखी मागा. एकरकमी तडजोडीबद्दल बँकेशी बोलायचं, तर मूळ कर्जदार आणि भागीदार यांना बाजूला ठेवून एकट्याने सही करू नका. आणि तडजोड झाली तर तुमची जामिनकी संपल्याचं पत्र हातात घेतल्याशिवाय उठू नका.

माझ्या हिशोबाने २०२६ च्या वसंतापर्यंत मंगळाचं अंतर आहे. मंगळ अकराव्यात स्वतःच्या वृश्चिकेत, मिळकतीला चांगला. हे काम त्यात होईल तेवढं करून घ्या. पुढे २०२८ पर्यंत राहू, आणि राहू बाराव्यात. त्या काळात नवं ऑफिस, मोठी डिपॉझिटं, कुणासाठी सही, यातलं काही करायचं मनात असेल तर तीनदा हिशोब करा. विमल योगाचा माणूस खर्च आवरून वर येतो, पसारा मांडून नाही. २०२६ च्या अखेरीस आणि पुन्हा २०२७ मध्ये गुरू सिंहेत येईल, तुमच्या जन्मगुरूवर. महादशेचा स्वामी स्वतःच्या जागी परत येतो तेव्हा जुनं प्रकरण पुन्हा उघडतं, असं मी बघितलंय. आणखी कुणाची जागा रिकामी होऊन काम तुमच्याकडे येऊ शकतं. तसंच जुनं कर्जही पुन्हा दार वाजवू शकतं. कुठलं आधी येईल, हे या वर्षी तुम्ही बँकेचं काय करता त्यावर आहे.

माणिक घालू नका. त्यामागचं गणित साधं आहे. रत्नाने ग्रहाला बळ मिळतं असं मानलं, तर माणकाने तुमच्या अष्टमेशाला बळ मिळेल. हा योग चाललाय तो अष्टमेश बाराव्यात जाऊन निष्प्रभ झाला म्हणून. त्याला पुन्हा उभा करायचा कशाला? पुष्कराज सुचवला तर तेच उत्तर, तो व्ययेशाचा. रत्न घालायचीच हौस असेल तर शुक्राचं बघता येईल, पण त्याला तुमच्याकडे कुणाच्या मदतीची गरज नाही. पैसे दिले असतील आणि खडा परत घेत असतील तर घ्या. वकिलाच्या पहिल्या फीला उपयोगी पडतील.

नोटिशीवरची तारीख आणि जन्मवेळ कुणाच्या तोंडची आहे, एवढ्या दोन गोष्टी मला कळवा. वेळ पक्की ठरली की राहूच्या अंतराचे महिने नीट काढून देते.